बुटक्या आमुचा पळाला

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला, की मी चहा मागवायचो.

तो टेम्पो चालवायचा. नसरापूर ते वेल्हे, भाजी, सिमेंट, कधी नवरदेवाची वरात. सहा फुटी माणूस, पण उभा तालुका त्याला बुटक्या म्हणायचा. स्टिअरिंगवर अंगठ्यानं ताल धरायचा आणि शेजारी बसलेल्याला सांगायचा, "कवितेत हाय आपलं नाव. तुमचं हाय का?"

ती कविता माझी.

लहानपणी तो खरंच बुटका होता आणि चेंडू करण्यात वस्ताद होता. चिंध्यांचा घट्ट गोळा करायचा, त्याला सुतळी गुंडाळायची, मग सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या बांगड्या कापून त्या ताणून ताणून आडव्याउभ्या चढवायच्या. कोरडा असला की चेंडू छान उसळी घ्यायचा. पण आमचं मैदान म्हणजे शाळेमागचा ओढ्याकाठचा चिखल. चिंध्या पाणी प्यायच्या, बांगड्या सरकायच्या, चेंडू नुसता थप्प करून बसायचा. मग हा तो पिळून चुलीपाशी वाळवायचा आणि रबराच्या वासापायी आईच्या शिव्या खायचा.

खेळ आबाधुबीचा. चेंडू ज्याच्या हाती, त्यानं दिसेल त्याला हाणायचं. चिखलात एक सोय होती. लागला की नाही, यावर भांडण नको. पाठीवर गोल काळा शिक्का उमटायचा.

एका संध्याकाळी माझ्या नव्या सदऱ्यावर तो उमटला.

"लागला न्हाई!" मी ओरडलो.

"न्हाई कसा? फीर की जरा," बुटक्या म्हणाला आणि त्यानं मला खांद्याला धरून सगळ्यांसमोर गोल फिरवलं. पोरं चिखलात लोळून हसली.

दिवेलागणीला सगळे पांगले. चेंडू मैदानाच्या कडेच्या खांबाशी पडला होता. मी तो उचलला आणि भरल्या ओढ्यात भिरकावला. वळलो, तर थोड्या अंतरावर बुटक्या उभा. चेंडू न्यायला परत आला होता. त्यानं पाहिलं की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो गुडघाभर पाण्यात उतरून शोधत होता आणि कुणाचंच नाव घेत नव्हता.

पुढं मी भोरला नोकरीला लागलो, कविता करू लागलो. शाळेच्या संमेलनासाठी हेडमास्तरांनी एक मागितली.

*ट्यूब घासली, चिंधी सुटली, चेंडू झाला म्हातारा,*
*चिखलामधल्या खेळाला त्या सांजेचा ओला वारा.*

आठ मात्रा, पुन्हा आठ, मग चौदा. लिहिताना मीही टेबलावर बोटं आपटत होतो. शेवटाला चेंडू हरवायचा होता, आणि हरवायला कुणीतरी हवं होतं.

*दिवे लागले, चेंडू नाही, सारा डाव विझुन गेला,*
*चेंडू घेउन अंधारातुन बुटक्या आमुचा पळाला.*

काय फिट्ट बसला! माझं नाव तिथं बसत नव्हतं, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी ते बसवून पाहिलंच नव्हतं.

संमेलनात टाळ्या पडल्या, पोरांनी कविता पाठ केली आणि बुटक्या जन्माचा चेंडूचोर झाला. टेम्पोत एक पिशवी कमी भरली तरी लोक हसून म्हणायचे, "बुटक्या, पळवलीस व्हय?" तोही हसायचा. एकदा त्याच्या नातीनं माझ्यादेखत विचारलं, "आबा, तुमी खरंच चेंडू चोरला हुता?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "कवितेत हाय ना? मग चोरलाच आसंल," म्हणाला.

त्या रात्री मी शेवटची ओळ बदलली. ती घेऊन जायला मात्र तो अंथरुणाला खिळेपर्यंत उशीर केला.

"नवी ओळ केलीय," मी म्हणालो.

"म्हण की, कवी."

"ओढ्यात चेंडू फेकणारा मीच होतो, बुटक्या नव्हे."

खाटेच्या कडेवर त्याचा अंगठा दोनदा वाजला, अडखळला, थांबला.

"छ्या! ताल पार मोडला लेका. आन् 'पळाला' कुठं गेलं? पोरं तिथंच तर वरडत्यात."

"अरे, पण खरं..."

"लई शाणा झालायस. जुनीच म्हण. माझं नाव तालात येतंय ती."

मी जुनीच म्हटली. 'पळाला'ला त्यानं अंगठा जोरात आपटला आणि डोळे मिटून हसला. मग म्हणाला, "चेंडू लई भारी हुता पर. चार ट्यूबा लागल्या हुत्या."

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य अगदी साधं होतं, त्याला ना मात्रा लागत होत्या ना यमक. बुटक्या, चेंडू मी फेकला, मला माफ कर. मी म्हणालो, "येतो रे, एसटी चुकेल."

दिवाळीपर्यंत तो राहिला नाही. माझं वाक्य राहिलं.