पेनड्राइव्हात मावेल तेवढा चेहरा

आमच्या भद्रावतीच्या स्टुडिओच्या पाटीवर मुलाने ‘जुन्या कॅसेट एआयने फोर-के करून मिळतील’ असं रंगवून घेतलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता घरात मेणाचे पुतळे तयार होणार. त्याच्या बापाने याच पाटीवर ‘पाच मिनिटांत पासपोर्ट फोटो’ लिहिलं होतं आणि गिऱ्हाईक तासभर बाकावर बसून असायचं. पाटीवर खोटं लिहिणं हा या घराचा कुळाचार. मी सून म्हणून आले आणि चटकन रुळले.

किती रुळले तेही सांगते. हळदीला बायकांत पुरुष कॅमेरा घेऊन शिरला की म्हाताऱ्या त्याला हाकलायच्या, म्हणून नवऱ्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. दोन-चार लग्नं चित्रित झाली नाहीत तोच मी स्वतःला मोठी कलावंत समजायला लागले. झूमचं बटण सापडलं होतं ना. नवरीच्या नथीपासून निघायचं, मागे सरकत मांडवाच्या खांबापर्यंत जायचं, परत नथीत शिरायचं. पाहणाऱ्याला मळमळायचं आणि मला वाटायचं, गहिवरलेत. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतले कितीतरी संसार मी बदामाच्या आकारात कोंबून गोल गोल फिरवले आहेत. त्यातले काही मोडले. मी स्वतःवर घेत नाही.

त्याच भरात मी पोंभुर्ण्याकडच्या एका गावात, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी, झाडीपट्टीचं एक नाटक चित्रित केलं. नायिका माझ्याच वयाची होती. शेवटच्या प्रवेशात तिला विष दिलेलं असतं. रंगमंचावर एकच दिवा, ती बराच वेळ काही बोलत नाही, मग एकच वाक्य बोलते आणि पडते. बायका पदर तोंडात कोंबून रडायच्या. मी अर्थातच तिच्या चेहऱ्यावर झूम केलं आणि तिथंच अडकून बसले. बाकीचे नट काय करत होते देव जाणे, माझ्या कॅसेटीत ते नाहीत. अंधार होता म्हणून कॅमेऱ्याचा उजेड वाढवणारा गेन पार वर चढवला होता. चेहऱ्यावर रांगोळी सांडावी तसे ठिपके नाचत होते. तरी त्या मिनी-डीव्हीच्या तीन कॅसेटी मी टाकून दिल्या नाहीत. माझी उत्कृष्ट कलाकृती होती ना ती.

ती नायिका आता पोंभुर्ण्यात भावाकडे राहते. लकव्याने तिचा अर्धा चेहरा आणि उजवा हात गेला. यंदा नाटक कंपनीच्या मालकाने तेच नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं. नायिकेच्या कामाला नागपूरची एक पोरगी घेतली. पण शेवटचा प्रवेश तिला दाखवणार कोण? जिचा तो होता तिची एक पापणीच हलत नाही. मालक तसा सरळ माणूस, सरळ बोलला, “बाई, पोरीले जमलं त ठेवू. नाई जमलं त तिथी एक गाणं टाकतो. पब्लिकले गाणं पायजेच रायते.”

मेल्यावर माणसाला जे वाटेल ते वाटो. ही जिवंतपणी ऐकत होती की तिच्या मरणाच्या जागी नाच येणार. तिने मला फोन केला. “तुह्यापाशी ते कॅसेट अशीन ना वो? पोरीले दाखवाले पायजे.”

मुलाला तर निमित्तच हवं होतं. “आई, तू फक्त पाय,” म्हणाला. पाहिलं की. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याने तिन्ही कॅसेटी सलग उतरवून घेतल्या आणि जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात येतात त्या आडव्या पट्ट्या काढल्या. घरी वरच्या खोलीत ग्राफिक कार्डाचा मोठा कॉम्प्युटर आहे, घेतला कामासाठी, चालतो खेळासाठी. तिथं नेऊन ठिपके काढले. मग दुकान, चित्र स्थिर केलं. मग घर, चित्र मोठं केलं. मग दुकान, अंधार उजळला, रंग लावले. दुकान-घर, घर-दुकान, खिशात पेनड्राइव्ह टाकून हा गडी बैलासारखा फिरत होता.

पोंभुर्ण्याला तिच्या भावाच्या टीव्हीवर आम्ही ते लावलं. मालक खूश. “काय चकाचक दिसते ना बे. काल काढल्यासारखं.” चेहरा खरंच चकाचक होता. गाल साबणाच्या वडीसारखे, डोळे रंगवलेले, समोर रोखलेले, आणि दिव्याच्या मागच्या अंधारात चौकोनी फरश्या बसवल्यासारखं काहीतरी हलत होतं. छातीशी धरलेल्या हाताची बोटं एकमेकांत विरघळून पंजाचा हातमोजा झाला होता.

ती नायिका अर्ध्या तोंडाने म्हणाली, “हे पोरगी कोण होय?”

“बाई, तुम्हीच ना,” मुलगा म्हणाला.

“मी नाई. मी एवढी ढिम्म नव्हती.”

नागपूरच्या पोरीने मन लावून पाहिलं आणि तसंच करून दाखवलं. हुबेहूब. डोळे वटारून साबणाची वडी उभी राहिली. तिचा काही दोष नाही, दाखवलं ते तिने केलं. मालक मान खाजवत म्हणाला, “गाणंच टाकू का मंग?” हप्त्याभरात तालीम ठरत होती, तेव्हाच पक्कं करू, म्हणाला.

परतीच्या एसटीत मुलगा सांगत होता, “जुन्या कॅसेटीत एवढंच रायते आई. माल नाई त मशीन कुठून आणन?”

माल नाही म्हणे. दुकानात येताच मी त्याला मूळ उतरवलेली फाइल आणि मधल्या सगळ्या फायली एका ओळीत उघडायला लावल्या. तोच क्षण, तोच चेहरा. मूळ फाइलीत ठिपकेच ठिपके, पण त्यांच्यामागे खालची पापणी थरथरताना दिसत होती. पट्ट्या काढलेल्या फाइलीत ठिपके चिकटून त्यांचे चौकोन झाले होते. तिसरीत पापणी चौकोनासकट पुसली गेली. मोठ्या केलेल्या फाइलीत सॉफ्टवेअरने उरलेल्या चौकोनांनाच कातडी समजून त्यांना छान धार लावली. आणि अंधार उजळल्यावर जे लपलं होतं तेही फरश्या होऊन वर आलं.

“दर वेळी कायमध्ये सेव्ह केलं?”

“एमपीफोर. दुसरं काय?”

“काऊन?”

त्याने पेनड्राइव्ह दाखवला. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल घेतच नाही. लग्नवाल्यांना आम्ही त्यातूनच देतो, त्यांच्या टीव्हीला तोच चालतो. म्हणून या शहाण्याने तीन तासांचं अख्खं नाटक प्रत्येक पायरीला दाबून चार जीबीत बसवलं होतं. बाईचा चेहरा किती उरावा हे पेनड्राइव्हाने ठरवलं.

एमपीफोरमधलं ते कॉम्प्रेशन वाईट नव्हे. डोळ्याला फारसं कळणार नाही ते टाकून देतं आणि जागा वाचवतं. शेवटी एकदा टाकलं तर कोणाचं बिघडत नाही. पण आपल्या डोळ्याला न कळणारं पुढच्या सॉफ्टवेअरला नेमकं हवं असतं. त्यात नाचणारे ठिपके म्हणजे कॉम्प्रेशनचा काळ. सगळी जागा तेच खातात, चेहऱ्याला काही उरत नाही. पोहे भिजवा, वाळवा, परत भिजवा, परत वाळवा, आणि मग म्हणा, पोह्यांचा लगदा झाला, धानच खराब होतं.

“मी बिटरेट वाढवतो, कमी दाबन,” मुलगा म्हणाला.

“वाढव. म्हणजे कमी मारशील. पण मारशील पाचदा.”

“आणि काहीच न टाकता, लॉसलेस केलं त? तीन तासांची फाइल पायली आहे का केवढी होते? डिस्क भरून जाईन.”

“तीन तास कोणाले पायजे? पोरीले मरणं शिकाचं आहे फक्त. बाकीचं तिचं तिले येते.”

हे त्याला सुचलं नव्हतं. पाटीवर ‘जुन्या कॅसेट’ लिहिलंय ना, म्हणजे अख्ख्याच. आम्ही मूळ फाइलीतून शेवटचा प्रवेश तेवढा कापून घेतला, पुन्हा न दाबता, जसाच्या तसा. पट्ट्या काढल्या आणि एफएफव्ही-वन या प्रकारात साठवलं. त्यात एक ठिपकासुद्धा हरवत नाही, जसं गेलं तसं बाहेर येतं. ठिपके काढले, तेही अर्धेच, परत एफएफव्ही-वन. चित्र स्थिर करणं मी रद्द करवलं. हात माझा हलला होता, बाई हलली नव्हती. मोठं केल्यावर फाइल फुगली आणि दुकानातलं एडिटिंगचं सॉफ्टवेअर एफएफव्ही-वन उघडेना. मुलाचा चेहरा लगेच उजळला, “आता त एमपीफोर करावंच लागन.” करावं लागतं म्हणे. तिथं एमपीफोरऐवजी प्रोरेस एचक्यू हा दहा बिटचा प्रकार घेतला. त्यात काहीसं जातं, पण डोळे लावून शोधलं तरी सापडत नाही एवढंच, आणि अंधार उजळायला पुरेसा जीव राहतो. नेआण मोठ्या हार्ड डिस्कवर, जी इतके दिवस त्याच्या खेळांनी भरली होती. खेळ उडवताना त्याने असा श्वास सोडला की घरात कोणी गेलं असावं. एमपीफोर केलं ते अगदी शेवटी, टीव्हीसाठी, एकदाच.

दुसऱ्यांदा पोंभुर्ण्याला लावलं तेव्हा मालक नाराज झाला. “हे त आधीपेक्षा जुनं दिसून राह्यलं.” खरं होतं. ठिपके थोडे होते, एक आडवी रेघ मधूनच जात होती. पण बोटं पाच होती, एकेक वेगळं. खालची पापणी थरथरली. आणि रोखलेले म्हणून आम्ही समजत होतो ते डोळे रोखलेले नव्हतेच. त्या लांब शांततेच्या मध्यावर ते हळूच डावीकडे वळले, तिथं थांबले, परत समोर आले, आणि मग तिने ते वाक्य म्हटलं.

पोरगी पुढे सरकून बसली. “बाई, इथी तुम्ही डोळे कुठी नेता?”

डावीकडे काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, मी त्याच बाजूला उभी होते. डाव्या विंगेत प्रॉम्प्टर बसला होता, आणि बाईंच्या शेवटच्या वाक्याच्या वेळी तो विडी पेटवण्यात गुंतला होता. बाई वाक्य विसरल्या होत्या. ते अजरामर मौन म्हणजे एका विडीचं मौन.

ती नायिका अर्ध्या चेहऱ्याने, अगदी गंभीर होऊन म्हणाली, “तिकडं मरण येऊन बसलं रायते. त्याले पायते ते. घाई नाई कराची. ते वर पायत नाई तोवर थांबाचं.”

पोरीने उठून केलं. डोळे डावीकडे नेले आणि थांबली. नायिकेच्या भावाची बायको कपबशा घेऊन दारातच उभी राहिली. पोरगी वाक्य म्हणून पडली, तेव्हा मालकाने रुमाल काढून नाक पुसलं आणि म्हणाला, “गाणं दुसऱ्या अंकात टाकू.”

चहा पिताना मी तिच्या कानाशी वाकले. “लाज नाई वाटत तुले?”

“कायची लाज? तवा मले वाक्य आठवलं असतं,” ती बशीत चहा ओतत म्हणाली, “त या पोरीनं शिकलं काय असतं?”