चालेलकाकांचा नकार

चष्म्याच्या दुकानात काचा बसवणाऱ्या या गृहस्थांना सगळे चालेलकाका म्हणत. मालकाने सुट्टी रद्द केली, चालेल. शेजाऱ्याने शिडी नेली ती परत आणलीच नाही, चालेल. खरं तर त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ 'ऐकलं बरं का' एवढाच होता, पण जगाने त्याचा सोयीचा अर्थ काढून त्यांच्या डोक्यावर मिरे वाटले. काकूंनी संसारभर त्या शब्दाशी भांडण मांडलं होतं.

आणि नेमका तोच शब्द नव्या फ्लॅटच्या ताब्याच्या वेळी त्यांच्या गळ्याशी आला.

सगळे हप्ते फिटले होते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं होतं. करारात ठरल्याप्रमाणे वर्षभराचा मेंटेनन्सही आगाऊ भरून झाला होता. आता किल्ली तेवढी घ्यायची, म्हणून दोघं बिल्डरच्या ऑफिसात गेली, तर मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. क्लबहाउसच्या सदस्यत्वाचे पैसे आणि त्यावर मेंटेनन्सचं वेगळं डिपॉझिट.

"पण हे करारात नाहीये," काकू म्हणाल्या.

"काकांना फोनवर सांगितलं होतं आम्ही. ते 'चालेल' म्हणाले. रेकॉर्डिंग आहे."

काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की काका खुर्चीत निम्मे झाले. फोन आला होता खरा. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना ते काहीतरी ऐकून 'चालेल, चालेल' म्हणाले होते. कर्ज काढून झालं होतं, काकूंच्या बांगड्या मोडून झाल्या होत्या आणि भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती. नवा भाडेकरू जागेची मापंसुद्धा घेऊन गेला होता.

घरी येऊन काका करार उघडून बसले. सही करताना त्यांनी तो वाचला नव्हता, उगाच कशाला खोटं बोला! शेवटाकडे एक कलम सापडलं: करारातला कोणताही बदल दोन्ही पक्षांनी लेखी सही केल्याशिवाय ग्राह्य धरला जाणार नाही. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कागदावरचं खरं असलं, तरी किल्ली त्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरपुढे ते कलम ठेवलं.

"फोनवरचं बोलणं म्हणजे सही नव्हे. हे पैसे कोणत्या कलमाखाली मागताय, ते लिहून द्या. आणि या पैशांसाठी ताबा अडवला असेल, तर तेही लिहून द्या. मी बिल्डरांवरच्या सरकारी नियामकाकडे तक्रार करीन."

मॅनेजर हसला. "करा की. तिथे निकाल लागेपर्यंत राहणार कुठे? शिवाय ताबा घ्यायला उशीर झाला तर होल्डिंग चार्ज, म्हणजे फ्लॅट सांभाळून ठेवल्याचे पैसे, लागेल." मग त्याने ड्रॉवर उघडला, किल्ली टेबलावर ठेवली आणि मऊ आवाजात म्हणाला, "असं करू. क्लबहाउसचे निम्मे द्या. स्वखुशीने भरतोय, एवढं लिहून द्या आणि ही घेऊन जा."

काकूंनी किल्लीकडे पाहिलं. जन्मभर नवऱ्याला 'नाही म्हणायला शिका' असं बजावणाऱ्या त्या बाईचा धीर तिथे सुटला. "अहो, माझ्या भावाकडून घेऊ. देऊन टाका. सामान घेऊन कुठे जायचं आपण?"

काकांना काकूंचा इतका कळवळा आला की हात पेनाकडे गेलाच होता. 'स्वखुशीने' या शब्दावर तो अडला. खुशी कुठली आलीय इथे!

"नाही," ते म्हणाले. मॅनेजरला म्हणाले की बायकोला, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी घरून लिहून आणलेलं हरकतीचं पत्र दिलं, प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला आणि तो उमटेपर्यंत उभेच राहिले. किल्ली परत ड्रॉवरमध्ये गेली. तो आवाज त्यांना घरापर्यंत ऐकू येत राहिला.

मग वाट पाहणं आलं. घासाला चव नव्हती. काकू खोकी बांधत होत्या आणि कुठे पाठवायची ते विचारत नव्हत्या. काकांनी तक्रारीचे कागद जमवले, पण मनात एकच घोकत होते: माझ्या हट्टापायी ही बेघर होणार.

महिना संपत आला तेव्हा ऑफिसातून फोन आला. तुमचं पत्र वरच्या साहेबांनी पाहिलं, त्या दोन रकमा सोडून दिल्यात, ताबा घेऊन जा. 'माझी कसलीही तक्रार नाही' अशी एक ओळ ताबापत्रात घुसवलेली होती. काकांनी ती खोडायला लावली, खोडलेल्या जागी मॅनेजरची सही घेतली आणि मगच स्वतःची केली.

नव्या घरात बसायला काही नव्हतं. दोघं फरशीवर टेकली. काकू म्हणाल्या, "त्या दिवशी मीच कच खाल्ली. तुम्ही कसे ठाम राहिलात हो?"

"ठाम कसला," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "तू आणखी एकदा 'देऊन टाका' म्हणाली असतीस ना, तर मी सही केली असती."