फरक

माझ्या धाकट्या भावाला बाजारात सगळे 'डॉक्टर' म्हणतात. डिग्री कसलीच नाही हो, आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलंच नाही. पण बोनेटवर हात ठेवून, डोळे मिटून तो इंजिन ऐकतो आणि सांगतो, कुठलं बेअरिंग जाणार ते. हे ऐकायला मीच शिकवलं त्याला. आता तो माझ्या पुढे गेलाय हे मी चारचौघांत कबूल करत नाही, ती गोष्ट वेगळी.

जुन्या गाड्या घ्यायच्या, ठीकठाक करायच्या, विकायच्या, हा त्याचा धंदा. पत्र्याची शेड, समोर सहा-सात गाड्या, आत एक टेबल आणि फिरता फिरता कुरकुरणारी खुर्ची. त्या खुर्चीत मी बसतो. तो बहुतेक वेळ गाडीखाली असतो. गिऱ्हाईकाशी गोड बोलायचं काम माझं, घासाघीस त्याची. आणि घासाघीस करताना तो देवालाही सोडायचा नाही.

ती पांढरी गाडी एका काकूंकडून घेतली होती. काकू हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स, एकट्याच राहतात. नवऱ्याची गाडी, नवरा गेल्यापासून उभीच होती. डॉक्टरने तपासली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काकू, गिअरबॉक्स गेलाय. वीस हजारांचं काम आहे." काकूंनी दोन लाखांतले वीस हजार सोडले. एक लाख ऐंशीला सौदा झाला, पैसे बँकेतून दिले, पावतीवर सही झाली.

मग टायर बदलले, एसी केला, रंग मारला. तीस हजार गेले. गिऱ्हाईक मिळालं, टॅक्ससकट दोन लाख एकोणचाळीसला ठरलं. फक्त बिल करायचं बाकी होतं.

बिलाआधी आमचा हिशेब बघणाऱ्या मॅडम आल्या. मी ऐटीत सांगितलं, "आमचं सोपं आहे मॅडम. गाडी पडली एक लाख ऐंशी अधिक तीस, म्हणजे दोन लाख दहाला. वरच्या एकोणतीसवर टॅक्स लावा."

"नाही लावता येणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही घेतली केवढ्याला, विकली केवढ्याला, मधला फरक. टॅक्स त्या फरकावर. दुरुस्तीचा खर्च खरेदीत धरत नाहीत."

"अहो, पण पैसा गाडीतच गेला ना!"

"गेला असेल. फरक एकोणसाठ हजार. त्यात टॅक्स आलाच, तो काढला तर पन्नास. पन्नासवर अठरा टक्के, नऊ हजार."

"आणि गेल्या महिन्यात ती निळी गाडी तोट्यात विकली, तो तोटा यातून वजा करा."

"ती गाडी वेगळी, ही वेगळी. तोट्यावर टॅक्स नाही, पण तो दुसऱ्या गाडीत वळवताही येत नाही."

बाई गोड हसून गेल्या. मी चिडलो. पण मी काही डोकं बंद ठेवून बसणारा माणूस नाही. पाच मिनिटांत तोडगा काढला.

"डॉक्टर, काकूंकडून नवी पावती करून घेऊ. दोन लाख दहाची. तीस आपण गाडीत घातलेच आहेत, खोटं कुठे आहे? टॅक्स निम्म्यावर येतो."

तो गाडीखालून बाहेरच आला नाही. तिथूनच म्हणाला, "बँकेत एक लाख ऐंशीच दिसतात."

"बाकीचे रोख दिले म्हणायचं."

"तू ये बरोबर."

"येतो की! मी असल्यावर काकू नाही म्हणणार नाहीत."

काकूंच्या घरी जिन्यावर फिनाईलचा वास होता. खोली इतकी नीटनेटकी की बसायला भीती वाटावी. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चष्मा लावला आणि पावती वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे काय रे? दोन लाख दहा? मला एवढे कधी दिलेस?"

मी पुढे झालो. "काकू, कागदापुरतं आहे. टॅक्स फरकावर बसतो ना, फरक जेवढा कमी तेवढा..."

"थांब. हा डॉक्टर बोलू दे."

डॉक्टर खाली बघत म्हणाला, "गाडी दोन लाख एकोणचाळीसला जातेय."

काकूंनी पावती खाली ठेवली. हॉस्पिटलात चाळीस वर्षं काढलेली बाई, आवाज चढवत नाही. "म्हणजे मी घासाघीस करायला हवी होती. गिअरबॉक्सचे वीस धरून सुद्धा तुला बरेच राहिले की. झाला दुरुस्त गिअरबॉक्स?"

इथे मी पटकन म्हणालो, "एकदम नव्यासारखा!"

डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी आईने दांडकं घेतल्यावर मी त्याच्याकडे बघायचो. आणि मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, "काकू, गिअरबॉक्स उघडलाच नाही. तो चांगलाच होता. त्या दिवशीही."

मला वाटलं, हा वेडा झालाय. मी त्याच्या पायावर पाय दिला, त्याने पाय काढून घेतला.

"तपासायला तुलाच का बोलावलं, माहितीये?" काकू म्हणाल्या. "सगळे म्हणाले, त्याचा कान खोटं सांगत नाही."

"कान नव्हता खोटं सांगत," तो म्हणाला. "तोंड सांगत होतं."

काकूंनी पावती त्याच्याकडे सरकवली. "खोट्या आकड्यावर मी सही करत नाही. आकडा खरा कर, मग करते."

त्याने तिथेच मोबाईल काढला. वीस हजार त्यांच्या खात्यात टाकले. काकूंच्या फोनवर मेसेज आला, तो त्यांनी चष्मा वर करून तपासला. मी मधल्या मधे म्हणत होतो, "अरे, आधी घरी बोलू..." कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. मग दुसऱ्या कागदावर दोन लाखांची पावती झाली. काकू म्हणाल्या, "वर लिही, गिअरबॉक्स चालू स्थितीत." त्याने लिहिलं. त्याचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, त्या दिवशी मात्र सगळं वाचता येत होतं.

सही करून त्यांनी पेन परत दिलं. डॉक्टर उठला नाही.

"काकू, राग गेला का?"

"पैसे आले. राग राहू दे थोडा," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

खाली येऊन मी सुनावलं. "तीन हजार टॅक्स वाचवायला वीस हजार घालवलेस! मॅडमना सांग, आता फरक एकोणचाळीस, टॅक्स सहा हजारांच्या आत. टॅक्स आणि गाडीत घातलेले तीस जाऊन तुझ्या हातात काय, तीन हजार?"

"तीन खरे," तो म्हणाला.

मॅडमनी नवी पावती बघितली, बँकेचा मेसेज बघितला आणि म्हणाल्या, गाडी विकायच्या आधी पैसे दिलेत, मग खरेदी दोन लाखच. बिल झालं. गिऱ्हाईक चावी घेऊन निघून गेलं. डॉक्टर शेडच्या दारात उभा राहून ती गाडी वळणापर्यंत ऐकत होता.

आमच्या घराण्यात कुणी असा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तरी तो आता गाडी घ्यायला बसला की आधी माणसाला म्हणतो, "दुसऱ्या कुणालाही दाखवा, मग मला द्या." धंद्याचं नुकसान आहे, मी सांगून थकलो. आणि अधूनमधून, हात साबणाने धुताना, मला विचारतो, "दादा, काकूंचा राग गेला असेल का रे?"

मी म्हणतो, "कधीच गेला!"

तो मान हलवतो आणि पुन्हा साबण घेतो.