दोंडाईचाची तूट, फैजपूरची वाढ

दोन्ही वह्यांतला फरक शेवटी नानांच्या नावावर टाकायचं ठरलं, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

ठिबकच्या नळ्या, पाईप, पंप विकणाऱ्या कंपनीच्या दोंडाईचा शाखेत मी हिशेब बघते. हेड ऑफिस जळगावला. आमच्या पुस्तकात हेड ऑफिसचं खातं, त्यांच्या पुस्तकात आमचं. एकीकडे जमा, दुसरीकडे नावे, पण रक्कम एकच यायला हवी. सगळ्या शाखांची ही खाती जुळली की मगच कंपनीचा एकत्रित ताळेबंद होतो.

मार्चअखेर आमचं जुळेना. शेवटच्या दिवशी आम्ही बँकेतून पाठवलेले पैसे त्यांना दुसऱ्या दिवशी दिसले, ते वजा केलं. त्यांनी पाठवलेले पंप अजून वाटेत होते, तेही धरलं. तरी त्यांच्याकडे आमच्या नावे एक गाडीभर नळ्यांएवढी रक्कम जास्तच राहिली.

ती गाडी मला पक्की आठवत होती. फैजपूर शाखेच्या मॅनेजरचा फोन आला होता, "ताई, केळीवाला खोळंबलाय, नळ्या पाठवा." आमच्याकडे असंच चालतं, घरात साखर संपली की शेजारी वाटी जाते, तसं. माल शाखेतून शाखेत जातो, नोंद मात्र हेड ऑफिसमार्फत व्हायला हवी. आम्ही माल काढला, हेड ऑफिसच्या नावे टाकला आणि कळवलं. त्यांनी तो आमच्या खाती जमा करून फैजपूरच्या नावे टाकायचा होता. टाकला नाही, कारण फैजपूरने माल मिळाल्याचं कळवलंच नाही. गाडी गोदामात न जाता थेट शेतकऱ्याच्या बागेत रिकामी झाली होती. चलनावर सही शेतकऱ्याची, शाखेचा शिक्का नाही.

मग जळगावहून नोटीस आली. माल कमी भरला, गोदामपालाकडून वसूल का करू नये? गोदामपाल म्हणजे आमचे नाना. ते नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"ताई, बठ्ठा माल मीच गाडीमा भरा व्हता. एक नळीबी घर लई गऊ नही."

"मला माहीत आहे, नाना, सगळा माल तुम्हीच भरलात. बसा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मी जळगाव गाठलं. तिथले मुख्य हिशेबनीस कामात वाघ, पण माणसाच्या बाबतीत आंधळे. मी म्हटलं, फैजपूरचा साठा दाखवा. नळ्यांची शिल्लक उणे गेलेली होती. पुस्तकात न आलेला माल त्यांनी विकला होता! आणि ते उणे झाकायला इथूनच 'साठा वाढ' अशी नोंद करून दिलेली. म्हणजे एका शाखेत आकाशातून नळ्या पडल्या आणि दुसरीत नानांनी खाल्ल्या.

मला वाटलं, आता ते ओशाळतील. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या लक्षात आलंय. पण तुमची तूट आणि त्यांची वाढ एकत्रीकरणात एकमेकींना खाऊन टाकतात. कंपनीचा नफा तोच राहतो. ऑडिटर बसलेत. आता मागचं उकरू नका. शिल्लक मान्य असल्याची सही करा."

मी आयुष्यात फार कमी वेळा इतकी चिडले असेन. हे खोटं असतं तर मी भांडले असते. पण हिशेब त्यांचा बरोबर होता, म्हणूनच राग आला.

"कंपनीचा नफा तोच राहतो, साहेब. नानांचा पगार तोच राहत नाही. मी सही करणार नाही."

"तुमच्या एका सहीवाचून सगळं अडलंय."

"अडू द्या."

अडलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी फैजपूरला फोन लावला, माल मिळाल्याचं लेखी मागवलं. 'साठा वाढ' उलटवली. गाडीची रक्कम आमच्या खाती जमा, फैजपूरच्या नावे. दोन्हीकडे आकडा एक झाला. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"झालं समाधान? करा सही."

"नानांची नोटीस?"

"ती आपोआपच गेली ना आता."

"लेखी आली होती. लेखीच जाऊ दे."

"ताई, तुम्ही फार ताणता."

ताणतेच. अख्ख्या दोंडाईचात ज्या माणसाकडे लोक बिनधास्त किल्ल्या देतात, त्याला ह्यांनी कागदावर चोर केलं होतं. त्यांनी तणतणत चार ओळी टाईप केल्या आणि छापून माझ्यासमोर आपटल्या. मी वाचलं: 'सदर कर्मचाऱ्यास या वेळी माफ करण्यात येत आहे.'

मी कागद परत केला. म्हटलं, "माफ खोडा. त्यांनी माल पूर्ण भरला होता, चूक हेड ऑफिसची होती, असं लिहा."

 मी पेनाचं टोपण लावलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. शेवटी त्यांनी तसं लिहिलं, खाली स्वतःची सही केली. मग मी माझी केली.