एका ताटातली दोन माणसं

अप्पांच्या ताटाचा फोटो रोज सकाळी माझ्या मोबाइलवर यायचा. मी नांदेडला शाळेत शिकवते; वडील आणि आई, म्हणजे अप्पा आणि अव्वा, उदगीरला. उदगीरकडे बाजारपेठेतली माणसं पहाटे नुसता चहा घेतात आणि दहाच्या सुमाराला पोटभर जेवूनच दुकानाचं कुलूप काढतात. अप्पांनी धान्याच्या अडतीचं दुकान कधीच सोडलं होतं, पण पोटाला दुकानाची वेळ अजून पाठ होती. पूजा उरकली की जेवण.

अप्पांची रक्तातली साखर गोळ्यांना दाद देईना, तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना दोन वेळचं इन्सुलिन लावलं. त्याच दवाखान्यात आहार सांगणारी एक मुलगी बसायची. वयाने लहान, बोलायला फटकळ; मला ती पहिल्याच भेटीत आवडली, कारण मीही तशीच. तोंडी सांगितलेल्या जेवणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "थोडासा भात" म्हणजे प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणाली, मला ताट दाखवा. ताटाचा फोटो वरून काढायचा, शेजारी रोजचाच चमचा ठेवायचा म्हणजे आकार कळतो. वरून वाटीची खोली दिसत नाही, म्हणून एक फोटो बाजूनेही. आणि जेवण झाल्यावर ताटाचा आणखी एक, कारण वाढलेलं सगळं पोटात जातंच असं नाही.

पहिला फोटो बघून तिने कपाळाला हात लावला होता. निम्म्या ताटात भाताचा ढीग, त्याला टेकून दोन भाकऱ्या, पाण्यासारखं वरण आणि कोपऱ्यात लोणच्याएवढी भाजी. ती भाजीही बटाट्याची. तिने हिशेब समजावला. निम्मं ताट भाजीचं, त्यात मेथी, दोडका, शेपू, काकडी काहीही चालेल. बटाटा मात्र भाजीत नाही, तो भाताच्या बाजूचा. पाव ताटात घट्ट वरण. उरलेल्या पावात भात आणि भाकरी मिळून. भात घेतला तर भाकरी कमी, भाकरी घेतली तर भात कमी. आणि इन्सुलिनचा डोस या ताटाच्या मापाने ठरलाय, तेव्हा टोचून घेतल्यावर जेवण टाळायचं नाही, अर्ध्यावर सोडायचं नाही, हे तिने दोनदा बजावलं. अप्पांनी मान डोलावली. अव्वा शेजारी पदर सावरून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

अप्पा जन्मभर तराजूपाशी बसलेले. माप एकदा ठरलं की ठरलं. पंधरवड्यात ताट असं दिसायला लागलं की त्या मुलीने ते दुसऱ्या रुग्णांना दाखवायला मागून घेतलं. हिरवीगार मेथी, चमचा उभा राहील असं वरण, अर्धी भाकरी, मुठीएवढा भात. जेवणानंतरच्या फोटोत ताट लख्ख, शीतसुद्धा नाही. सकाळची उपाशीपोटीची साखरही उतरली. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना मोबाइल दाखवत फिरले. बाप शिस्तीचा असावा तर असा, मी म्हणाले.

मधूनमधून अव्वा फोनवर सांगायची की दुपारी त्यांना घाम सुटतो, उगीच चिडतात, हात थरथरतात. मी म्हटलं डॉक्टरांना सांगा. अप्पांनी फोन हातातून घेऊन सांगितलं, ऊन आहे, दुसरं काही नाही. त्यांच्यापुढे बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

मग एका दुपारी ते पलंगावर आडवे झाले आणि वेडंवाकडं बोलायला लागले. अंग घामाने भिजलेलं. अव्वाला एवढंच ठाऊक होतं की या माणसाचा वैरी म्हणजे साखर. साखर चढली असणार, असं तिला वाटलं. शेजारीणही तेच म्हणाली. म्हणून तिने त्यांना बिनसाखरेचा चहा पाजला, अंगावर पांघरूण घातलं आणि झोपू दिलं. संध्याकाळी हलवलं तर उठेनात. लातूरला नेईपर्यंत बराच वेळ गेला होता. तिथे साखर मोजली, ती इतकी खाली होती की डॉक्टर लगेच सलाइनकडे वळले. दुपारीच चहात तीन चमचे साखर घातली असती तरी पुरलं असतं. हे आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती आहाराची मुलगी आयसीयूच्या बाहेर आली. मोबाइलवर आदल्या दिवशीचे फोटो उघडून तिने पुन्हापुन्हा पाहिले. ताट बरोबर होतं. रिकामं ताटही बरोबर होतं. तिने अव्वाला विचारलं, सगळं जेवले होते ना? अव्वा म्हणाली, ताट धुतल्यासारखं साफ होतं की. मुलीने हळूच विचारलं, एकटेच जेवले होते?

अव्वाने माझ्याकडे पाहिलं.

"एकटे कसे? अर्धं त्यायचं, अर्धं माझं. लगीन झाल्यापासून मी त्यायच्याच ताटात जेवते."

उष्ट्या ताटात बसायची ती रीत घरात टेबल आल्यावर संपली, असं मी धरून चालले होते. ती फक्त टेबलावर चढली होती. पूर्वी ताटात ढीग असायचा. अप्पा पोटभर जेवून बायकोचा वाटा ठेवून उठायचे, तोही भरपूर. आता ताट एका माणसाच्या मापाचं आणि जेवणारी माणसं दोन. वर आणखी वाढून का घेतलं नाहीस, असं मी जवळजवळ ओरडून विचारलं.

"फोटूत जेवढं बसंल तेवढंच वाढायचं म्हनले ना, माय," ती म्हणाली. "त्यायलाच कमी वाटायचं. तुला काय उरतंय म्हनायचे, आन् लवकरच हात धुवायचे. भाकरी तर सगळी मलाच ठेवायचे."

म्हणजे डोस पूर्ण ताटाचा, आणि पोटात अर्धंही नाही. ती मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाहत होते ते अव्वाच्या मनगटाकडे. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. इतके दिवस मी अप्पांच्या ताटाचे फोटो बघत होते आणि माझी आई वाळत चालली होती.

"मीच खाल्लं बाई त्यायचं," अव्वा म्हणाली.

अप्पा वाचले. वाचले म्हणजे घरी आले, चालतात, हाक मारली की बघतात. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, गेलं ते आता परत येईल असं धरून चालू नका. मी त्यांना कुणी मास्तरीण वाटते, मुलगी नाही. दुकान आठवत नाही, देव आठवत नाही, काही आठवत नाही. डोस कमी झाला, आणि टोचायचं कामही मी सुटी काढून अव्वाला शिकवलं, साखर मोजण्यासकट.

पहिल्या दिवशी मी दोन ताटं वाढली. दोन्ही वेगळी, दोन्ही पूर्ण. अव्वा स्वतःच्या ताटापुढे पाहुणीसारखी अवघडून बसली. मी अप्पांना भरवायला घेतलं. वरणभाताचे चार घास नीट गेले, मेथी गेली. ताट निम्मं झालं आणि त्यांनी तोंड मिटलं. मी घास पुढे केला, त्यांनी मान फिरवली. मी आवाज चढवला, अप्पा, टोचलंय, सगळं खावं लागेल. त्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि समोर बसलेल्या अव्वाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"ती बाई जेवायची ऱ्हायलीय," ते म्हणाले. "तिला ठेव."