पाणी तिसऱ्या ब्लॉकमध्ये

नांदेडला मानसशास्त्र शिकवत होतो त्या काळात संख्याशास्त्रात माझा थोडा दबदबा होता. थोडा म्हणजे आसपासच्या दोन-तीन जिल्ह्यांपुरता. पीएच.डी. करणारी मंडळी पेन ड्राइव्ह घेऊन यायची, धर्माबादपासून निलंग्यापर्यंतची, आणि ‘सर, एवढं रिग्रेशन लावून द्या’ म्हणून खुर्ची ओढून बसायची. मी आधी त्यांना झापायचो आणि मग लावून द्यायचो. झापण्यात मला मजा यायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांपैकी एक बाई जळकोटच्या होत्या. तिथल्याच एका कॉलेजात शिकवायच्या. लिंगायत घर, सासरी दुकान आणि थोडी शेती, नवरा दुकानात, दीर हायस्कूलला मास्तर. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला सर. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष त्यांच्या माहिती गोळा करण्याचं. जळकोटच्या रस्त्यावर तेव्हा नव्या जिल्ह्याच्या मागणीचे फलक लागले होते आणि फलकांच्या खाली रिकाम्या घागरींची रांग. प्रश्नावलीवर जिल्हा काय लिहायचा, असं बायका त्यांना हसत हसत विचारायच्या. ‘सध्या लातूरच लिवा’ असं त्या सांगायच्या.

दुष्काळातल्या बायकांची चिंता हा विषय त्यांनी का घेतला, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांची जाऊ, मास्तरांची बायको, दुष्काळात खचली होती. रडायची, जेवायची नाही, एकदा भरलेली घागर उंबऱ्यात आपटून बसून राहिली. घरच्यांनी तिला हदगावला माहेरी पाठवून दिलं. डोकं ठिकाणावर आलं की आणू, असं ठरलं. दीर सुशिक्षित माणूस. त्यांचं म्हणणं एकच: ‘समद्या गावाला पाणी न्हाई, मग हिलाच का व्हतंय?’

“आणि सर, घरात पाणी तीच आणायची,” मॅडम म्हणाल्या. “मी सकाळी कॉलेजला निघून जायची. माझ्या वाट्याच्या घागरी बी तिच्याच डोक्यावर.”

त्यांना दिरांच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. प्रश्न तसा चांगलाच होता. एका गावातल्या सगळ्या बायकांची चिंता सारखी नसते, कुणाची जास्त, कुणाची कमी. हा कमीजास्तपणा कशानं उलगडतो, हेच तर आम्ही रिग्रेशन लावून शोधतो. आपण धरलेल्या कारणांनी त्यातला किती भाग उलगडला, त्याचा आकडा म्हणजे आर-स्क्वेअर. कारणं एकदम न घालता टप्प्याटप्प्यानं घालायची आणि प्रत्येक टप्प्याला तो आकडा किती वाढला, ते बघायचं. टप्प्याला ब्लॉक म्हणतात. पहिल्या ब्लॉकमध्ये सहसा वय, शिक्षण, जमीन. त्यानंतर आपल्या अभ्यासाची खरी कारणं.

यात एक मेख आहे आणि ती मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. दोन कारणं एकमेकांत गुंतलेली असली की त्यांचा सामाईक वाटा आधी घातलेल्याच्या नावावर जमा होतो. दोघींनी मिळून हंडा आणला, पण घरात पहिली शिरली तिलाच शाबासकी, तसं. मागून येणारीला फक्त तिचा एकटीचा म्हणून जो भाग असेल तेवढाच मिळतो. म्हणून क्रम आधीच, विचार करून, कागदावर ठरवायचा. आकडे बघून नाही.

मॅडमनी तो ठरवला होता. मंजूर झालेल्या आराखड्यात लिहिलं होतं: पहिल्या ब्लॉकमध्ये वय, शिक्षण, जमीन; दुसऱ्यात पाणी, म्हणजे रोज पाण्यासाठी जाणारे तास, अंतर, दोन टँकरमधला खंड; तिसऱ्यात स्वभाव, म्हणजे मुळातला चिंताळूपणा मोजणारी प्रश्नावली. आराखड्यावर माझीही सही होती. मी तो वाचला होता असं मी म्हणणार नाही.

विश्लेषणाच्या दिवशी त्या सकाळच्या गाडीनं नांदेडला आल्या. प्रयोगशाळेत माझे आणखी तीन-चार विद्यार्थी बसले होते. मी संगणकासमोर बसलो, चिंतेचे गुण वरच्या चौकटीत टाकले, पहिला ब्लॉक भरला, ‘नेक्स्ट’ दाबलं आणि दुसऱ्या ब्लॉकमध्ये स्वभाव घातला. सवय. माझ्या स्वतःच्या प्रबंधात तसंच होतं, आणि तेव्हापासून हात तसाच चालायचा.

“सर, आपल्या आराखड्यात पाणी स्वभावाच्या आदी हाय,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

तिथंच हात मागे घ्यायला हवा होता. पण पोरं ऐकत होती. मी म्हणालो, “मॅडम, स्वभाव माणूस जन्माला घेऊन येतो. दुष्काळ काल आला. जे आधीचं ते आधी.”

“पण सर, स्वभावाचे प्रश्न आपण दुष्काळातच इचारलेत. विनाकारण थकवा येतो का, बारीकसारीक गोष्टीनं मन बिघडतं का. दोन कोस घागर आणलेली बाई काय म्हणंल? व्हय म्हणंल. ते तिच्या स्वभावात गेलं, पाण्यात न्हाई.”

इतका नेमका आक्षेप नंतरच्या कुठल्याही परीक्षकानं माझ्यावर घेतला नाही. मी चिडलो. “प्रमाणित चाचणी आहे ती. तुमच्या-माझ्या म्हणण्यानं बदलत नाही.” आणि तिसऱ्या ब्लॉकमध्ये पाणी घालून बटण दाबलं.

तक्ता आला. स्वभावाच्या ओळीत आर-स्क्वेअरनं चांगली उडी मारली होती. पाण्याच्या ओळीत तो हलला न हलल्यासारखा, आणि शेजारी त्या बदलाची सार्थकता तपासणारा आकडा आमच्या नेहमीच्या मर्यादेच्या बाहेर. म्हणजे आमच्या भाषेत, पाण्यानं भर घातली नाही.

मॅडमनी पाण्याच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “एकदा आराखड्यापरमानं लावून बघायचं का सर?”

“निकाल आवडला नाही म्हणून क्रम बदलायचा नसतो,” मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पोरांनी वहीत लिहूनही घेतलं असेल. वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. फक्त क्रम त्यांनी नव्हे, मी बदलला होता.

त्या गेल्यावर, पोरं गेल्यावर, मी आराखड्याच्या क्रमानं लावून बघितलं. पाणी दुसरं, स्वभाव तिसरा. शेवटचा एकूण आकडा तोच, तो क्रमानं बदलतच नाही. पण आता पाण्याच्या ओळीत मोठी उडी होती, आणि स्वभावानं त्यानंतर आपली वेगळी भर घातलीच होती. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून एवढंच प्रामाणिकपणे म्हणता आलं असतं की पाणी आणि स्वभाव या बायकांमध्ये इतके गुंतलेत की त्यांचा सामाईक वाटा कुणाचा, हे आपली माहिती सांगू शकत नाही. एक परिच्छेद लागला असता. मास्तरांच्या प्रश्नालाही तेवढं उत्तर पुरलं असतं.

मी फाईल जतन न करता बंद केली. मला लाज वाटली होती आणि लाज वाटली की मी उशिरा घरी जायच्या ऐवजी लवकर घरी जातो. त्या दिवशीही गेलो.

दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. त्यानंतरही रोज. प्रत्येक दिवशी तो फोन थोडा जास्त अवघड झाला, आणि मग मी तो करायचा असतो हेच विसरल्यासारखं वागू लागलो.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “म्हणजे एवढ्या दुष्काळात पाण्याचा काही परिणाम नाही म्हणता?” मॅडमनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, थांबल्या. मी समोरच्या बशीतल्या बिस्किटाकडे बघत होतो. मग त्या म्हणाल्या, “स्वभाव विचारात घेतल्यावर नाही, सर.” पदवी मिळाली. पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले.

पुढं पाऊसही झाला आणि माझी निवृत्तीही. दोन-अडीच वर्षांनी लातूरला एका निवड समितीसाठी गेलो होतो. चहाच्या सुट्टीत व्हरांड्यात मॅडम भेटल्या. त्यांच्या कॉलेजच्या कामानं आल्या होत्या. वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली. मला राहवलं नाही. प्रयोगशाळेत त्या गेल्यावर मी काय बघितलं, ते सगळं सांगून टाकलं. सांगताना मला आतून जरा हलकंही वाटत होतं, आता माफी मिळेल असं.

“मला म्हाईत हाय सर,” त्या म्हणाल्या. “मी बी घरी लावून बघितलं होतं. व्हायवाच्या आदीच.”

“मग बोलला का नाहीत?”

“गाइडच्या शेजारी बसून गाइडला खोटं कसं पाडू? मला वाटलं तुम्ही बोलाल. म्हणून तर थांबले होते.”

मी जावेची चौकशी केली. विषय बदलायला म्हणून केली, हेही सांगायला हवं.

“आणली घरी. आता नळाला पाणी येतंय. बरी हाय.” मॅडमनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. “पण दिरांनी माझा प्रबंध तिला वाचून दाखवला, शेवटचं प्रकरण. तवापासून जरा काही झालं की सोताच म्हणते, माझा स्वभावच तसा हाय, पाण्याचं काही नव्हतं, तुमच्याच अभ्यासात आलंय न्हवं. मी लई समजावते. तिला आता माझ्यापेक्षा त्या पुस्तकाचा भरवसा.”

“मी येतो जळकोटला,” मी घाईनं म्हणालो. “मी स्वतः समजावून सांगतो त्यांना. दोन्ही तक्ते घेऊन येतो.”

“या की सर, जेवायलाच या.” त्या खरंच मनापासून म्हणाल्या. “पण ती लई हुशार हाय. ती इचारंल, मग तवाच का न्हाई सांगितलं? त्याचं उत्तर तेवढं घेऊन या.”

आतून कुणीतरी मला हाक मारली, सुट्टी संपली होती. जळकोट नांदेडहून काही फार लांब नाही. मी अजून गेलेलो नाही.