मौनीच्या गाडीतलं स्टेशन

धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्यांनी त्याचं नाव मौनी ठेवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माणूस तोंडातून ब्र काढायचा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, किती वेळ लागेल, तर हा आधी आरशात बघायचा, मग रस्त्याकडे, आणि म्हणायचा, "पोचू." टायर फुटला, पोलिसाने अडवलं, बोट उशिरा आली, सगळ्याला त्याचं एकच उत्तर होतं, "ठीक आहे." बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "घराला आग लागली असं सांगत आले, तरी तुम्ही ठीक आहे म्हणाल." त्यावरही तो ठीक आहे म्हणाला होता.

असा हा थंड माणूस, पण गेला आठवडाभर त्याला एका जागी बसवत नव्हतं. दोन बोटींच्या मध्ये रांगेतले बाकीचे सीट मागे टाकून लवंडायचे आणि हा काच पुसायचा. पुसलेली काच पुन्हा पुसायचा. खाली उतरून कठड्यापर्यंत जायचा, पाण्यात असं काय दिसायचं कोण जाणे, लगेच परत यायचा आणि फोन बघायचा.

बायको दीड वर्षापूर्वी परदेशी गेली होती, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात कामाला. करार दोन वर्षांचा. ती रोज बोलून निरोप पाठवायची. एक पाठवून तिचं भागायचं नाही, पाच-सहा तरी असायचे, एकामागून एक. खोलीतल्या बाईचं घोरणं, कोणा आजोबांनी लपवलेली कवळी, तिथली थंडी, इथल्या गळक्या नळाची चौकशी. आणि मौनी हे सगळं ऐकायचा गाडीत. घरी ऐकलं तर घर फारच रिकामं वाटायचं.

आता गाडी जुनी. तिच्या टेपला ब्लूटूथ म्हणजे काय ते ठाऊक नाही, सीडीची फट कधीच अडकून बसलेली, चालतो तो फक्त रेडिओ. धक्क्यावरच्या वाऱ्यात फोनचा आवाज ऐकू येत नाही आणि गाडी चालवताना फोन कानाला लावता येत नाही. म्हणून त्याने दुकानातून एफएम ट्रान्समीटर आणला होता. अंगठ्याएवढी वस्तू, सिगारेट पेटवायच्या भोकात बसणारी. फोन ब्लूटूथने तिला जोडायचा, तिच्या छोट्या पडद्यावर सत्याऐंशी पॉइंट नऊ लावायचं, रेडिओवरही तेच लावायचं. त्या आकड्यावर गावातलं कुठलंच स्टेशन नव्हतं. म्हणजे ती वस्तू स्वतःच एक चिमुकलं स्टेशन व्हायची आणि त्या स्टेशनवर दिवसभर मौनीची बायको बोलायची.

मागच्या आठवड्यापर्यंत. मग एकाएकी तिचे निरोप आटले. "जेवले." "कामावर निघाले." "झोपते." नळाची चौकशी नाही, कवळी नाही, घोरणं नाही. त्याने दोनदा फोन केला, तिने उचलला नाही, नंतर लिहिलं, कामात आहे. काय झालं, असं विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

त्याऐवजी त्याने भलतंच केलं. तिच्या त्या दोन-दोन शब्दांमध्ये राग आहे, का रडू आहे, का नुसता थकवा, हे त्याला ओळखायचं होतं, आणि ट्रान्समीटरमधून तर सतत खरखर यायची. पुलाजवळ गेलं की शेजारच्या आकड्यावरचं मोठं स्टेशन मध्येच घुसायचं आणि "झोपते"च्या डोक्यावर गादीची जाहिरात वाजायची. तो दुकानात गेला. दुकानदाराने गाडीत डोकं घालून पाहिलं आणि हसला.

"अहो, टेपला ऑक्सचं भोक आहे की. हे काय, धुळीने बुजलंय."

"ते कशाचं असतं?"

"वायरचं. फोनमधून आवाज वायरने थेट टेपमध्ये. मध्ये हवा नाही, तर खरखर कसली?"

मौनीच्या फोनला इअरफोनचं भोक नव्हतं, म्हणून चार्जिंगच्या जागी लावायचा एक तुकडाही घ्यावा लागला. टेपवरचं ऑक्सचं बटण दाबलं आणि बायकोचा आवाज असा स्वच्छ आला, की जणू ती शेजारच्या सीटवरच बसली होती. "झोपते," ती म्हणाली. आता त्या शब्दाआधीचा सुस्काराही ऐकू आला. मौनीला वाटलं, खरखरच बरी होती. ट्रान्समीटर त्याने पुढच्या कप्प्यात टाकून दिला.

शुक्रवारी दुपारची बोट गेली आणि रांगेत तीनच गाड्या उरल्या. पुढे मौनी, त्याच्या मागे शिट्टी, आणि शिट्टीच्या मागे ताई. शिट्टी दिवसभर तोंडाने शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. ताई धक्क्यावरची सगळ्यात जुनी चालक, तिला सगळेच वचकून असायचे. मौनी तिसऱ्यांदा काच पुसत होता. शिट्टी खाली उतरला, उगाच आपल्या टायरला लाथ मारली आणि जवळ आला. वाजवत मात्र काहीच नव्हता.

"मग? काय ठरलं?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"वहिनींचं. आज शुक्रवार ना. आज सांगायचं होतं ना त्यांना."

मौनीच्या हातातलं फडकं थांबलं. "कोणाला सांगायचं होतं? तुला काय माहीत?"

शिट्टीने मागे वळून ताईकडे पाहिलं. ताई गाडीतूनच म्हणाली, "आता तोंड उघडलंस ना, मग सगळं सांगून टाक."

मग शिट्टीने सांगितलं, आणि सांगताना त्याची मान वर झाली नाही. रेडिओवर स्टेशन शोधायचं बटण दाबलं, की ते फिरत फिरत सत्याऐंशी पॉइंट नऊवर थांबायचं आणि तिथे एक बाई बोलायची. आधी त्याला वाटलं नाटक आहे. मग त्या बाईने मौनीच्या गाडीच्या दाराच्या मोडक्या कडीचा विषय काढला, तेव्हा त्याला उमगलं. मौनीचं ते स्टेशन मौनीच्या गाडीत मावतच नव्हतं. मागच्या गाडीतही ऐकू जायचं, आणि वारा पडला, गाड्या चिकटून उभ्या असल्या, तर त्याच्या मागच्या गाडीतही.

"वाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध," ताई म्हणाली. "जवळ उभं राहिलं की येतं, एवढंच. आणि मी मुद्दाम नाही ऐकलं कधी. पण अर्ध्यात बंद करणंही बरं दिसत नाही."

मौनीच्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्ष. कवळी, घोरणं, नळ, आणि मधूनमधून बायको हळू आवाजात जे बोलायची तेही. त्याला शिट्टीची कॉलर धरावीशी वाटली. पण त्याहून मोठा प्रश्न समोर उभा होता.

"आज काय सांगायचं होतं तिला?"

आता शिट्टीच गोंधळला. "अरे, तूच वाजवत होतास ना? मागच्या शुक्रवारी. आश्रमवाल्यांना तिचा करार आणखी दोन वर्षं वाढवायचाय, आणि..."

"हे मी ऐकलेलं नाही."

"ऐकलं नाहीस म्हणजे? तुझ्याच गाडीतून आलं."

आणि मग मौनीला आठवलं. मागचा शुक्रवार. निरोप चालू होते, पहिले तीन त्याने ऐकले होते, थंडीचे आणि खिडकीच्या पडद्यांचे. तेवढ्यात एक जोडपं ढीगभर सामान घेऊन आलं. त्याने नेहमीप्रमाणे रेडिओचं बटण फिरवून आवाज बंद केला आणि सामान डिकीत रचायला उतरला. बंद झाला होता तो फक्त रेडिओ. फोन चालूच होता, एकापुढचा एक निरोप आपोआप लागत होता आणि ट्रान्समीटर ते इमानदारीत हवेत सोडत होता. रात्री त्याने फोन पाहिला, तर सगळ्या निरोपांवर ऐकल्याची निळी खूण. त्याने नेहमीचं उत्तर लिहून पाठवलं होतं.

तो गाडीत शिरला. वायर लावली आणि मागे जात जात त्या दिवसाचा चौथा निरोप काढला. शिट्टी दाराशी उभा राहिला, ताईही उतरून आली. कोणी त्यांना जा म्हटलं नाही.

"अहो, ते दोन वर्षं वाढवायचं म्हणतायत," बायको सांगत होती. "पुढच्या शुक्रवारी काम सुटायच्या आत सांगायचंय. पैसे बरे आहेत. पण मला यायचंय. मी विचारत नाहीये, येऊ का म्हणून. एवढ्या वर्षांत मीच सगळं बोलले. आता तुम्ही मला ये म्हणा. एकदाच. आणि तुम्ही नेहमीसारखं ठीक आहे म्हणालात, तर मी समजेन, की ठीक आहे."

मौनीने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. त्याचं ते "ठीक आहे" खालीच दिसत होतं, निळ्या खुणेसकट.

"फोन लाव," ताई म्हणाली.

त्याने लावला. वाजत राहिला. कामावर असताना तिचा फोन कपाटात असतो, मधल्या सुट्टीत काय तो हातात येतो, हे शिट्टीने सांगितलं. मौनीलाही माहीत होतं. काम सुटायला तिकडे थोडेच तास उरले होते.

"मग बोलून पाठव. आणि लिहू नकोस, मेल्या," ताईने बजावलं.

मौनीने बटण धरलं आणि घसा खाकरला. खाकरणंच गेलं. ते पुसून टाकलं. पुन्हा धरलं, "अगं, मी काय म्हणतो," इथे गाडी अडली. तेही पुसलं. घामाने बोट बटणावरून घसरत होतं. शिट्टी अस्वस्थ होऊन वाजवायला लागला, ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मौनीने डोळे मिटले.

"मी ते ऐकलं नव्हतं. रेडिओ बंद केला होता. आज ऐकलं." बराच वेळ नुसता वारा. "इथे काही ठीक नाहीये. तू ये."

निरोप गेला. मग तो उतरला, कठड्यापर्यंत गेला, परत आला. काच पुसली. ताईची काच पुसली. शिट्टीची पुसायला घेतली तेव्हा शिट्टीने फडकं काढून घेतलं. लांबवर बोट दिसायला लागली, भोंगा झाला, माणसं उतरायला लागली, आणि तेवढ्यात फोन वाजला. दोन निरोप.

मौनी गाडीत बसला. त्याने वायर हातात घेतली, क्षणभर थांबला आणि ती उपटून बाजूला ठेवली. पुढच्या कप्प्यातून ट्रान्समीटर काढला, भोकात बसवला, रेडिओ सत्याऐंशी पॉइंट नऊवर आणला. मागे धाडधाड दोन दारं लागल्याचा आवाज आला. त्याने निरोप सुरू केला.

"ठीक आहे," बायको म्हणाली, एकदम तीन गाड्यांतून.

एवढंच. मग पुढचा निरोप आपोआप लागला, आणि त्यात तिला आधी नाक पुसावं लागलं. "सांगून आले मी त्यांना. करार संपला की येणार. आता ऐका, नळ दुरुस्त केलात का? खरं सांगा. आणि ती दाराची कडी..."

काचेवर टकटक झाली. एक माणूस मोठी बॅग घेऊन उभा होता. मौनीचा हात सवयीने रेडिओच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याने काच थोडी खाली केली.

"जरा थांबावं लागेल. बायको बोलतेय."

माणूस चमकला, बॅग उचलून मागच्या गाडीकडे गेला. शिट्टीने त्याच्याकडे पाहिलंही नाही, नुसता हात वर केला.

"वहिनी बोलतायत," तो म्हणाला.